स्लाइड वाचून दाखवू नका

कारखान्यांतली हवेची गळती शोधून देण्याची सेवा आम्ही विकायचो. कंपनीची सुरुवात, ग्राहकांचे लोगो, यंत्रांचे फोटो आणि शेवटी 'तीस टक्क्यांपर्यंत बचत' अशा क्रमाने विक्रीच्या स्लाइड्स बनवलेल्या होत्या. त्याच फोनवरही वाचल्या जायच्या. लोगोंपर्यंत पोहोचण्याआधी फोन कट व्हायचा. समोरचा मेंटेनन्सवाला शॉपफ्लोअरवर उभा असतो. आपली कंपनी किती जुनी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

म्हणून फोनची स्क्रिप्ट लिहिताना स्लाइड्सचा क्रम विसरा. प्रत्यक्ष बैठकीत ग्राहकाने कुठल्या स्लाइडवर थांबवून प्रश्न विचारला, तेवढीच उचला. आमच्याकडे ती गळती मोजण्याच्या चाचणीची होती, पार मागे दडलेली. तिच्यावरून सुरुवात अशी झाली:

"नमस्कार साहेब, मी अमुक कंपनीतून बोलतोय. कंप्रेसरच्या हवेच्या गळतीबद्दल फोन केलाय, एक मिनिट बोलू का? गुरुवारी सुट्टीला मशिनं बंद असताना कंप्रेसर किती वेळ लोड घेतो, हे कधी पाहिलंय?"

भोसरी-चाकणकडे सुट्टी गुरुवारची, म्हणून गुरुवार. दुसऱ्या भागात फोन करताना वार बदला.

तो "नाही" म्हणाला की मुद्दा एकच सांगा. सगळी मशिनं बंद ठेवून लाइनमध्ये दाब राहू द्यायचा. कंप्रेसर दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड राहिला, तर आठातली दोन, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या पंचवीस टक्के हवा गळतीत जाते. 37 किलोवॉटच्या कंप्रेसरवर हे ढोबळमानाने नऊ किलोवॉट. 'तीस टक्क्यांपर्यंत' हा आकडा मात्र फोनवर काढू नका. तो त्याच्या कारखान्याचा नाही, आणि हे त्याला लगेच कळतं. कंप्रेसर व्हीएफडीवर असेल तर लोड-अनलोडचं गणित लागू होत नाही. तिथे सुट्टीला तो किती किलोवॉट घेतो ते विचारा.

आक्षेपांची उत्तरं ब्रोशरमधून घेऊ नका, ती कॉलच्या नोंदींत सापडतात. "आमची माणसं बघतात" याला, "बघतच असतील. पण मशिनं चालू असताना बारीक गळती कानाला ऐकू येत नाही, ती अल्ट्रासॉनिक डिटेक्टरने सापडते." "मेल करा" म्हणाले तर, "करतो. कंप्रेसर किती किलोवॉटचा आहे तेवढं सांगा, तुमच्या आकड्यांचं एक पान पाठवतो." आकडा सांगितला तर रस आहे, टाळला तर मेल पाठवा आणि मागे लागू नका.

"बजेट नाही" याचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं: "आधी चाचणी तुम्हीच करा, तिला खर्च नाही. गळती दहा टक्क्यांच्या आत निघाली तर आमची गरज नाही. जास्त निघाली तर शुक्रवारी फोन करू का?"