प्रवासात डोकं ठणकतं तेव्हा: एक पाकीट, एक लिटर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींकडून आम्ही एक वाक्य दरवर्षी ऐकतो : "पाणी पिलं की मग लघवीला लागते, अन् जायचं कुठं?" म्हणून पहाटे घर सोडल्यापासून त्या पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं ठणकायला लागतं. मग एक चहा, उपाशीपोटी एक गोळी, आणि "ऊन लागलं" म्हणून डोक्याला फडकं बांधून बसायचं.

समजा, संग्रामपूर तालुक्यातली एक ताई पहाटे चारला निघाली. जीपने शेगाव, तिथून गाडी, डब्यात उभं राहायलाही जागा नाही. दुपारी बारापर्यंत पोटात फक्त दोन कप चहा. ऑक्टोबरचं ऊन आणि गर्दी, घाम चाललेलाच. डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं, वाकलं की किंवा चाललं की जास्त. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड कोरडं पडलं आहे. आम्ही तिला पहिला प्रश्न विचारतो, "लघवीला शेवटचं कधी गेली होतीस?" उत्तर येतं, "घरून निघताना." आठ तास लघवी नाही, किंवा झाली तर गर्द पिवळी आणि थोडी, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं आहे.

तिला सावलीत बसवावं, मानेवर ओलं फडकं ठेवावं आणि ओआरएस द्यावं. नुसतं पाणी का नाही? घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. मीठ आणि थोडी साखर सोबत असली की आतडं पाणी लवकर ओढून घेतं. भरपूर घाम गेल्यावर नुसतंच पाणी तांब्यावर तांब्या ढोसलं, तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं; मळमळतं आणि डोकं दुखायचं थांबत नाही.

खरी चूक होते ती कालवण्यात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक त्यातलं अर्धं ग्लासात टाकतात, तर ते फार खारट होतं आणि उलट त्रास देतं. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, पूर्ण पाकीट तिच्यात टाका, हलवा. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, म्हणून मागचं लिहिलेलं वाचा. कालवलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि पुन्हा करा.

आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. विहिरीच्या किंवा बोअरच्या खारट पाण्यात ओआरएस कालवू नका. त्या पाण्यात आधीच क्षार आहेत, माप बिघडतं. नळयोजनेचं किंवा शुद्ध केलेलं गोडं पाणीच घ्या.

ताईला हे लिटर दीड-दोन तासांत, घोट-घोट पाजायचं. एका दमात प्यायली तर उलटी होईल. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने सुरू करा. सोबत भाकर, वरण, जे असेल ते थोडं खाऊ द्या. दोन-तीन तासांत डोकं हलकं होतं आणि फिकट लघवी होते, ही खूण. लघवी होऊनही डोकं तसंच दुखत राहिलं, तर कारण दुसरं आहे. उपाशी राहिल्याने उठलेली अर्धशिशी असेल, नाहीतर बीपी, तपासून घ्यावं.

चहा वाईट नाही, पण छोट्या कपात असतो किती? आणि पाणी भरण्याआधी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल.

पाणी न पिण्याचं मूळ मात्र शौचालयात आहे, हे आम्हाला स्पष्ट सांगायचं आहे. गाडी ठरवतानाच दर दोन तासांनी कुठे थांबायचं हे बायांना विचारून ठरवा. ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडू नका. तेवढा भरवसा असला की निघण्याआधी दोन ग्लास आणि वाटेत अर्ध्या तासाला चार घोट पाणी त्या न सांगता पितील.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी किती पाणी आणि मीठ घ्यायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा तोंडावर सूज असेल, तर ऊन समजून थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. कुणी बरळायला लागलं, झटका आला, अंग तापलेलं आहे आणि माणूस शुद्धीवर नाही, तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत आणून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.