गेम घेण्याआधी ग्राफिक्स कार्डाची ओळ वाचा

परीक्षा संपल्या की आपल्यापैकी बरेच जण साठवलेल्या पैशांतून एखादा मोठा गेम घेणार आहेत. ट्रेलर बघून झाले आहेत, डिस्काउंट कधी लागतो यावर लक्ष आहे. आपला लॅपटॉप तो गेम उघडू शकेल का, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं असेल. म्हणून आमच्या घरातच घडलेली एक गोष्ट सांगतो.

खांदा कॉलनीत राहणाऱ्या माझ्या मावसभावानं 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' घेतला. हा गेम डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्याच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी. त्यावर तो बरेच गेम व्यवस्थित खेळायचा, त्यामुळे हा फार तर थोडा हळू चालेल, सेटिंग कमी करून भागेल असं त्याला वाटलं. रात्रभर डाउनलोड झालं. सकाळी सुरू केला, तर कार्ड चालणार नाही अशा अर्थाचा संदेश आला आणि गेम बंद झाला. त्यानं ड्रायव्हर नवे टाकले, गेम काढून पुन्हा टाकला. काही उपयोग नव्हता. सेटिंगचं पान दिसायच्या आधीच गेम बंद होत होता, मग कमी करणार काय?

कारण असं. या गेममधला उजेड आणि सावल्या रे ट्रेसिंगनं मोजल्या जातात, आणि ते बंद करायची सोय गेममध्ये नाही. त्यासाठी कार्डातच वेगळी यंत्रणा लागते. एनव्हिडियानं ती २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेपासून दिली. जीटीएक्स १६५० त्यानंतर, २०१९ मध्ये बाजारात आलं, पण स्वस्त ठेवलेल्या त्या मालिकेत ही यंत्रणा नाही. म्हणजे कार्ड कोणत्या वर्षीचं आहे यावरून काही कळत नाही. जुनं जीटीएक्स १०८० टीआय घ्या. त्यात ११ जीबी मेमरी आहे, ताकदही भरपूर, तरी या गेमच्या दारात तेही अडतं.

म्हणून गेमच्या पानावर किमान गरजा वाचताना प्रत्येक ओळीपाशी एकच प्रश्न विचारा: ही कमतरता सेटिंगनं भरून निघेल का? प्रोसेसर थोडा कमी असेल तर गेम हळू चालेल, पण चालेल. रे ट्रेसिंग, डिस्कवरची जागा, विंडोजची आवृत्ती इथे मात्र तडजोड नसते. आहे किंवा नाही, एवढंच.

आता आपल्या मशीनमध्ये काय आहे ते कसं बघायचं? `Ctrl + Shift + Esc` दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात `Performance` वर जा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिथे `GPU 0` आणि `GPU 1` अशा दोन नोंदी दिसतात. एक प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स असतं आणि दुसरं वेगळं कार्ड. वेगळ्या कार्डावर क्लिक करून नाव लिहून घ्या आणि खालची `Dedicated GPU memory` ही ओळ वाचा. इथेच बहुतेकांची फसगत होते. वर `GPU memory` म्हणून जो मोठा आकडा दिसतो, त्यात `Shared GPU memory` मिळवलेली असते. ती कार्डाची नव्हे, गरज पडली तर साध्या रॅममधून उसनी घ्यायची मेमरी आहे आणि तिचा वेग फार कमी असतो. मावसभावाच्या लॅपटॉपवर हा बेरजेचा आकडा ८ च्या जवळ दिसायचा. गेमला किमान आरटीएक्स २०६० सुपर, म्हणजे ८ जीबीचं कार्ड लागतं. आकडे जुळले असं वाटतं, पण कार्डाचे खरे ४ जीबीच आहेत.

आपल्या वर्गात काही जणांकडे आरटीएक्स ३०५० असलेले लॅपटॉप आहेत. त्यात रे ट्रेसिंगची यंत्रणा आहे, पण लॅपटॉपमधल्या बऱ्याच ३०५० कार्डांत ४ जीबीच मेमरी असते. मेमरी कमी पडली की भिंतींवरची चित्रं धूसर राहतात आणि खेळ मधेच अडखळतो. तुमचं कार्ड या प्रकारात बसत असेल तर नुसतं 'आरटीएक्स' हे नाव बघून पैसे देऊ नका. लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं त्याच नावाचं कार्ड सारखं नसतं, हेही ध्यानात असू द्या. लॅपटॉपमध्ये त्याला वीज कमी मिळते. यूट्यूबवरची चाचणी बघताना ती लॅपटॉपवरची आहे का, हे आधी पाहा.

रॅमचं काम त्यामानानं सोपं आहे. त्याच खिडकीत `Memory` वर गेलं की `Slots used` दिसतं. तिथे दोनपैकी एकच वापरात असेल तर दुसरी पट्टी घालून ८ चे १६ जीबी करता येतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढत नाही. पट्टी विकत घेण्याआधी दुकानदाराकडून लॅपटॉप उघडून बघून घ्या.

जागेचं गणित घरच्या घरी करता येतं. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, कारण कंपनी आणि विंडोज वेगवेगळ्या पद्धतीनं मोजतात. त्यातून विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि फोटो वजा करा. या गेमला १२० जीबी लागते, तीही एसएसडीवर. शिवाय पुढे अपडेट उघडताना तात्पुरती जास्तीची जागा लागते, म्हणून थोडी मोकळी ठेवा. १२० जीबी उतरवायला ४० एमबीपीएसच्या इंटरनेटला साधारण पावणेसात तास लागतात. रोजचा २ जीबी डेटा असलेल्या मोबाईलवर हा विचारच करू नका.

इतकं बघूनही शंका उरली, तर परताव्याचा नियम वापरा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरला जात नाही, पण गेम उघडून ठेवलेलं प्रत्येक मिनिट धरलं जातं. मावसभावाला हा मार्ग मिळाला नाही, कारण त्यानं स्वस्त पडतो म्हणून बाहेरच्या एका विक्रेत्याकडून कोड घेतला होता. बाहेरून घेतलेल्या कोडला स्टीम पैसे देत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचले आणि गेमचे सगळे पैसे अडकले.

ते दोन तास नीट वापरा. चार्जर लावूनच चाचणी घ्या, कारण बॅटरीवर कार्डाचा वेग उतरतो; आपल्याकडे वीज गेली की हे लगेच जाणवतं. पहिल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात पनवेलच्या उकाड्यात लॅपटॉप वीस-पंचवीस मिनिटांनी तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा अर्धा तास तरी सलग खेळा, गर्दीच्या किंवा मारामारीच्या प्रसंगापर्यंत जा, आणि तिथे खेळ अडखळला तर त्याच दिवशी पैसे परत मागा.

माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर 'रेड डेड रिडेम्प्शन २' चालतो. त्याच्या किमान गरजेत ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं जीटीएक्स ७७० आहे, फक्त जागा १५० जीबी लागते. तो आता तोच खेळतो. तुम्हीही या रविवारी आपापल्या कार्डाचं नाव, त्याची `Dedicated` मेमरी, रॅम आणि मोकळी जागा वहीत लिहून आणा. सोमवारी मधल्या सुट्टीत कोणाला कोणता गेम घ्यायचाय ते सांगा, आपण त्याच्या गरजांशी एकेक ओळ ताडून बघू.