मॉन्टू पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच एकेटी नको

मी अंबरनाथ पश्चिमेला राहते, मेडिसिन वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. नव्या नोकरीसाठी मॉन्टू टेस्ट मागितली होती. लॅबच्या रिपोर्टवर '२४ मिमी, पॉझिटिव्ह' असं आलं आणि ओळखीच्या एका डॉक्टरांनी तेवढ्यावरच चार औषधांची एकेटी लिहून दिली. गोळ्या आणण्याआधी मी छातीच्या डॉक्टरांना हात दाखवला.

त्यांनी पेन घेतलं. लालीच्या बाहेरून ते त्वचेवर हळूहळू आत सरकवलं आणि कडक गाठीला अडलं तिथे खूण केली. दुसऱ्या बाजूनेही तसंच केलं. हाताच्या आडव्या दिशेत दोन खुणांमधलं अंतर भरलं १३ मिमी. लॅबने लाली मोजली होती. मोजायची असते फक्त गाठ, तीही टोचल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत. एरवी निरोगी माणसात १० मिमी किंवा जास्त गाठ पॉझिटिव्ह धरतात, म्हणजे माझी टेस्ट तरीही पॉझिटिव्हच होती.

लहानपणच्या बीसीजीमुळेही मॉन्टू कधीकधी फुगते, म्हणून त्यांनी इंटरफेरॉन गॅमाची रक्ततपासणी, म्हणजे इग्रा, सांगितली. त्यात रक्तातल्या पेशींना टीबीच्या जंतूची अशी प्रथिनं दाखवतात जी बीसीजीत नसतात. पेशींनी जंतू ओळखला तर त्या इंटरफेरॉन सोडतात. माझा आकडा ०.५२ आला, मर्यादा ०.३५. मर्यादेच्या इतक्या जवळचा आकडा पुढच्या वेळी खालीही येऊ शकतो, त्यावरून संसर्ग गेला असं समजू नये.

दोन्ही टेस्ट एवढंच सांगतात, की शरीराची टीबीच्या जंतूशी गाठ पडली आहे. जंतू झोपलेला आहे की आजार सुरू आहे, हे त्यांना कळत नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयातल्या ७२६ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणांची यातली एक तरी टेस्ट पॉझिटिव्ह होती. ते सगळे काही आजारी नव्हते.

आजार शोधायचा तो लक्षणांत आणि एक्स-रेत. मला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यातलं काही नव्हतं आणि एक्स-रे स्वच्छ होता. म्हणजे सुप्त संसर्ग. त्याला चार औषधांची एकेटी लागत नाही. प्रतिबंधक उपचार वेगळा असतो: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. एचआयव्ही, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण किंवा घरात टीबीचा रुग्ण असेल तर तो प्राधान्याने देतात. मला यातलं काहीच लागू नव्हतं; शिवाय वॉर्डात पुन्हा संसर्ग होऊ शकतोच. म्हणून आम्ही लक्ष ठेवायचं ठरवलं.

तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गाठीचं माप, तारीख आणि एक्स-रे फाइलला लावून ठेवा. मॉन्टू पुन्हा करू नका. उपचारानंतरही ती बहुधा पॉझिटिव्हच राहते. संसर्गानंतरची पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची. खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकीची सीबीनॅट करून घ्या. आजार नाही याची खात्री झाल्याशिवाय नुसतं आयसोनियाझिड सुरू करू नका. आत आजार असेल तर एकट्या औषधाला जंतू दाद देईनासा होतो.