बाबा आधी गेले, आजोबा नंतर गेले: नातवंडांचा वाटा कसा काढायचा?



गटाच्या बैठकीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "माझे मालक सासऱ्यांच्या आधी वारले. आता सासरे गेले. दीर म्हणतात, तुझा नवराच नाही तर तुझ्या पोरांचा वाटा कुठला?" किंवा "माझी बहीण गेली, तिची मुलं माहेरच्या जमिनीत लागतात का?" दोन्हींचं उत्तर एकच आहे : लागतात. पण किती, हे नीट समजून घ्यायला हवं.

हा लेख हिंदू वारसा कायदा, १९५६ वर आहे. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुस्लीम मैत्रिणींसाठी नियम वेगळा आहे, तो शेवटी दिला आहे.

मूळ नियम : आधी फांद्या मोजा, मग माणसं

माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना एकाच वेळी मिळते. त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई येतात. मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या आधीच वारली असेल, तर तिची फांदी तुटत नाही. त्या फांदीला एक वाटा मिळतो आणि तो वाटा फांदीतली माणसं आपसात सारखा वाटून घेतात.

मयत मुलाच्या फांदीत त्याची विधवा, मुलगे आणि मुली येतात. मयत मुलीच्या फांदीत फक्त तिची मुलं येतात, तिचा नवरा म्हणजे जावई येत नाही. आणि आई किंवा बाबा हयात असतील, तर त्यांच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वेगळा वाटा मिळत नाही, कारण तो वाटा आईबाबांकडेच गेलेला असतो.

साठ बियांचं उदाहरण

पुढच्या बैठकीत साठ काजूबिया घेऊन बसा. एक बी म्हणजे एक आर जमीन (साधारण एक गुंठा). समजा आजोबांनी स्वतः विकत घेतलेली साठ आरची कलमांची बाग आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मागे कोण आहे बघा :

- आजी
- थोरला मुलगा, मुंबईत कामाला
- धाकटा मुलगा आजोबांच्या आधी वारला; मागे त्याची बायको, एक मुलगा आणि एक मुलगी
- थोरली मुलगी, हयात
- धाकटी मुलगी आजोबांच्या आधी वारली. मागे तिचा नवरा आणि दोन मुलगे

इथे बहुतेक जणी माणसं मोजायला लागतात. आजी, थोरला, सून, तिची दोन मुलं, थोरली मुलगी आणि दोन नातू, असे आठजण, म्हणून साठ भागिले आठ. हे चुकीचं आहे. आधी फांद्या मोजायच्या : आजी एक, थोरला दोन, धाकट्याची फांदी तीन, थोरली मुलगी चार, धाकट्या मुलीची फांदी पाच. म्हणजे पाच ढीग, प्रत्येकात बारा बिया.

आजी, थोरला मुलगा आणि थोरली मुलगी यांनी आपापल्या बारा उचलायच्या. धाकट्याच्या ढिगातल्या बारा बिया तिघांत जातात : सून चार, नातू चार, नात चार. नात पुढे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी तिच्या चार तिच्याच. धाकट्या मुलीच्या ढिगातल्या बारा तिच्या दोन मुलग्यांत जातात, सहा आणि सहा. जावयाला इथे काही नाही. आता सगळ्या बिया परत एकत्र करून मोजा, साठ भरल्या पाहिजेत. बेरीज जुळली नाही तर कुणाची तरी फांदी सुटली आहे असं समजा.

आजी गेल्यावर हिशोब बदलतो

काही वर्षांनी आजी गेली. तिच्या बारा आरचं काय? बाईच्या मालमत्तेचा नियम थोडा वेगळा आहे. तिचे पहिले वारस म्हणजे नवरा, मुलगे, मुली आणि आधी वारलेल्या मुलामुलींची मुलं. विधवा सून या यादीत नाही.

म्हणून आजीच्या बारा आरचे चार ढीग होतात, प्रत्येकी तीन. थोरल्या मुलाला तीन, थोरल्या मुलीला तीन. धाकट्याच्या दोन मुलांना मिळून तीन, म्हणजे प्रत्येकी दीड. धाकट्या मुलीच्या दोन मुलग्यांना मिळून तीन, म्हणजे प्रत्येकी दीड. सुनेला सासऱ्यांकडून मिळालेले चार आर तिचे राहतात, पण सासूच्या जमिनीतून तिला मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र मिळतं. ज्या घरात सासू आणि सासरे दोघंही गेले आहेत, तिथे दोन मरणांचे दोन वेगळे हिशोब करायचे.

आधी कोण गेलं, हे तारखेवरून ठरतं

वरचा सगळा हिशोब "मुलगा वडिलांच्या आधी गेला" यावर उभा आहे. तोच मुलगा आजोबांच्या नंतर, अगदी एका महिन्याने गेला असता, तर बारा आर आधीच त्याचे झाले असते. मग ते त्याच्या स्वतःच्या वारसांत वाटले जातात : बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी तीन आर. धाकटी मुलगी आजोबांच्या नंतर गेली असती, तर तिच्या बारा आरमध्ये तिचा नवराही वारस झाला असता आणि नवरा व दोन मुलगे यांना चार-चार आर मिळाले असते.

म्हणून तोंडी "आधी गेला, नंतर गेला" यावर जाऊ नका. दोन्ही मृत्यूचे दाखले शेजारी ठेवा आणि तारखा वाचा. जुना मृत्यू नोंदलेलाच नसेल, तर ते काम आधी करून घ्या.

वारस नोंदीत फांदी कशी सुटते

कायद्याने वाटा मिळतो, पण सातबारावर नाव आपोआप येत नाही. तलाठी कार्यालयात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. चौकशी होऊन वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

फांदी सुटते ती बहुतेक वेळा त्या प्रतिज्ञापत्रात. अर्ज करणारा फक्त हयात भावाबहिणींची नावं लिहितो आणि मयत भावाची विधवा व मुलं, मयत बहिणीची मुलं यांचा उल्लेखच करत नाही. म्हणून सही करण्याआधी वारसांची यादी मोठ्याने वाचून घ्या. मयत मुलामुलींची नावंही "मयत" असं लिहून यादीत असावीत आणि त्यांच्याखाली त्यांचे वारस असावेत. नातवंडं अठराच्या आतली असतील तर त्यांच्या नावापुढे सातबारावर "अ.पा.क." येतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि आईचं नाव येतं. हे लिहिलं म्हणजे जमीन आईची होत नाही, ती मुलांचीच असते.

नोटीस आली आणि नावं सुटलेली दिसली, तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि त्याची पोच घ्या. फेरफार मंजूर झाल्यावर कळलं, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (प्रांत) साठ दिवसांत अपील करता येतं. ती मुदतही गेली, तरी वाटा संपत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी ठरवणारा निकाल नाही. वाटा दिवाणी न्यायालयात मागता येतो. पण उशीर करू नका, कारण जमीन मधल्या मध्ये विकली गेली तर काम अवघड होतं.

हक्कसोडीवर सही करताना

"नुसती सही दे, मुंबईहून सगळे आलेत, रजिस्ट्रेशन उरकून टाकू." हे वाक्य ऐकलं की थांबा. हक्कसोडपत्र नोंदवलं की तो वाटा गेला. आपल्या उदाहरणातली सून स्वतःचे चार आर सोडू शकते. पण तिच्या अज्ञान मुलांच्या वाट्याचे आठ आर ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू किंवा विकू शकत नाही. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं आणि त्यासाठी अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं असतात.

सून पुन्हा लग्न करते तेव्हा "आता पोरांचाही हक्क गेला" असं सांगितलं जातं. हे खरं नाही. आईच्या लग्नाने मुलांचा वाटा जात नाही.

हा हिशोब कुठे चालत नाही

आजोबांनी स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला दिली असेल, तर नातवंडांना वरच्याप्रमाणे वाटा मागता येत नाही. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर आधी त्यातला आजोबांचा स्वतःचा हिस्सा वेगळा काढायचा आणि फक्त त्या हिश्श्याला हे पाच ढीग लावायचे. मयत मुलाचा त्या जमिनीतला स्वतःचा हिस्सा त्याच्या वारसांकडे वेगळा येतो. सातबारावर "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं एकाच काकाचं नाव दिसलं, तर काका एकटे मालक आहेत असं समजू नका. जुने फेरफार काढून बघा.

मुस्लीम कुटुंबात शरियतप्रमाणे मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. म्हणून तिथे आजोबांनी हयातीतच सोय करायला हवी. वारस नसलेल्या नातवंडांना मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते, किंवा हयातीत बक्षीस म्हणजे हिबा करून ताबा देता येतो. आजोबा बसते-उठते आहेत तोवर हे बोलणं घरात काढा.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथेही अर्ज घेतात. जाताना सातबारा, फेरफार, दोन्ही मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले आणि कागदावर काढलेलं घरातल्या फांद्यांचं झाड एवढं सोबत न्या.

— तुमची क्षेत्र समन्वयक