६५ वॅटचा चार्जर, तरी फोन हळूच चार्ज होतो? काउंटरवर चार मिनिटांत दोष कसा शोधायचा

मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान चालवणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मीटरवरचे आकडे भरभर सरकतात, म्हणून तेच इथे निवांत लिहून देतोय. फोन आणि मीटर शेजारी ठेवून वाचा.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. गिऱ्हाईक ६५ वॅटचा चार्जर घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. "दादा, हा फास्ट चार्ज करतच नाही." तुम्ही त्याच कंपनीचा दुसरा नग देता, तोही तसाच निघतो. मग तुम्ही पैसे परत करता, खोका फाटलेला चार्जर तुमच्याकडे पडून राहतो, आणि वितरक म्हणतो, "माल चांगला आहे, तपासून पाहिलाय." बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. चार्जर चांगला असतो, फक्त त्या फोनसाठी तो नसतो.

आधी एक गोष्ट पक्की करा

चार्जरवर लिहिलेला वॅटचा आकडा ही त्याची जास्तीत जास्त क्षमता असते. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. केबल जोडली की चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो आणि फोन त्यातलं आपल्याला चालणारं मागून घेतो. हे बोलणं ज्या ठरलेल्या पद्धतीने होतं तिला प्रोटोकॉल म्हणतात. दोघांना एकच प्रोटोकॉल कळत नसेल, तर दोघांनाही कळणाऱ्या कमी पातळीवर चार्जिंग सुरू होतं. फोन बिघडत नाही, चार्जरही बिघडत नाही, पण गिऱ्हाईक नाराज होतं.

म्हणजे शोधायच्या जागा तीनच: केबल, फोनचा पोर्ट आणि प्रोटोकॉल. याच क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि चार्जर दोन्ही एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

एक उदाहरण घेऊन चालू

समजा गिऱ्हाइकाकडे २५ वॅटची चार्जिंग असलेला सॅमसंगचा फोन आहे. तुमच्याकडून नेलेल्या ६५ वॅटच्या चार्जरला दोन पोर्ट आहेत, एक जुना चौकोनी ए-टाइप आणि एक सी-टाइप. तक्रार अशी की आधीच्या चार्जरवर स्क्रीनवर `Super fast charging` यायचं, आता नुसतं `Fast charging` येतं.

हा निरोप नीट वाचा, कारण अर्धं निदान त्यातच आहे. नुसतं `Charging` आलं, तर चार्जर आणि फोनचं बोलणंच झालेलं नाही. `Fast charging` आलं, तर बोलणं झालं, पण साधारण १५ वॅटच्या पातळीवर थांबलं. `Super fast charging` म्हणजे २५ वॅटची पातळी.

तपासण्याआधी बॅटरी किती आहे तेही बघा. ८० टक्क्यांच्या पुढे कुठलाही फोन वेग कमी करतो, आणि उन्हात तापलेला फोनही करतो. फोन गार असावा आणि बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली असावी. शिवाय सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर फास्ट चार्जिंगचं बटण चालू आहे ना, तेही पाहून घ्या. ते बंद असेल तर पुढचं सगळं तपासणं वाया.

पहिली जागा: केबल

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारा, "केबल कुठल्या पोर्टात लावता?" ए-टाइपमध्ये लावत असतील, तर उत्तर बहुतेक तिथेच मिळतं. सॅमसंगची २५ वॅटची चार्जिंग यूएसबी पॉवर डिलिव्हरीवर, म्हणजे आपण ज्याला पीडी म्हणतो त्यावर चालते. पीडीचं बोलणं सी-टाइपमधल्या सीसी नावाच्या पिनवरून होतं आणि ए-टाइपच्या पोर्टात ती पिनच नसते. त्यामुळे ए-टू-सी केबल कितीही महाग असली, तरी तिच्यावर पीडी चालणार नाही. केबल सी-टू-सीच हवी.

सी-टू-सी केबलमध्येही दोन प्रकार आहेत. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत चालते. ५ अँपिअरच्या केबलमध्ये एक छोटी चिप असते, चार्जर ती वाचतो आणि मगच ३ अँपिअरच्या वर जातो. २५ वॅटच्या फोनला साधी केबल पुरते. पण ४५ वॅटचा सॅमसंग घेऊन कोणी आलं आणि स्क्रीनवर `Super fast charging 2.0` येत नसेल, तर ५ अँपिअरची केबल लावून बघा. चार्जर बरोबर असूनही केबलमुळे ते २५ वॅटवर अडकलेले सापडतील.

आमच्या उदाहरणात गिऱ्हाईक सी-टू-सी केबलच वापरत होतं. तुमच्याकडची खात्रीची केबल लावली, तरी निरोप `Fast charging` असाच राहिला. म्हणजे केबल सुटली. आता पुढे.

दुसरी जागा: फोनचा पोर्ट

केबल फोनमध्ये लावा आणि बाजूने बघा. प्लग पूर्ण आत बसतो का, की थोडी फट राहते? खिशातला धागा आणि धूळ पोर्टाच्या तळाशी दाबून घट्ट बसते. मग प्लग शेवटपर्यंत जात नाही आणि पिना अर्धवट टेकतात. फोन बंद करा, उजेडात आत बघा आणि लाकडी टूथपिकने कचरा हळूच उकरून काढा. सुई, टाचणी, पिन यांतलं काहीही आत घालू नका. मधली पातळ पट्टी वाकली किंवा पिना एकमेकींना चिकटल्या, तर तुमच्या काउंटरवर नवंच काम उभं राहील.

मग उलट-सुलट चाचणी करा. सी-टाइपचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, पण फोनमध्ये सीसी पिना दोन असतात आणि प्लग जसा लावाल तशी त्यातली एकच वापरात येते. म्हणून आधी एका बाजूने लावून निरोप बघा, मग प्लग उलटा करून पुन्हा बघा. एका बाजूने वेगात आणि दुसऱ्या बाजूने हळू, असं झालं तर संशय पोर्टावर घ्या. दुसऱ्या केबलनेही तसंच झालं, तर पोर्टाची पिन खराब आहे हे नक्की. अशा फोनला नवा चार्जर विकू नका. चार्जिंग बोर्ड किंवा पोर्ट बदलायचं काम आहे, ते कारागिराकडे पाठवा.

आमच्या फोनचा पोर्ट स्वच्छ होता आणि दोन्ही बाजूंनी निरोप सारखाच आला. म्हणजे पोर्टही सुटला.

तिसरी जागा: प्रोटोकॉल

आता चार्जर उलटा करा आणि आउटपुटची बारीक अक्षरातली ओळ वाचा. या चार्जरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर आणि २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असं लिहिलंय. शेवटच्या जोडीचा गुणाकार केला की ६५ येतो. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाहीये. हे ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात आणि ते लॅपटॉपच्या कामाचे आहेत.

आता मुख्य मुद्दा. सॅमसंगला २५ वॅटसाठी पीडीमधला पीपीएस हा भाग लागतो. साध्या पीडीमध्ये व्होल्टेजच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, ५ नंतर थेट ९. पीपीएसमध्ये फोन अगदी थोड्या थोड्या फरकाने व्होल्टेज मागत राहतो. बॅटरी ४ व्होल्टवर असेल, तर फोन चार्जरकडून त्याच्या दुप्पट, ८ व्होल्टच्या किंचित वर मागतो आणि आत ते अर्धं करून घेतो. त्यामुळे फोनमध्ये उष्णता कमी होते आणि जास्त वेग झेपतो. पीपीएस नसेल तर फोन ९ व्होल्टची ठरलेली पायरी घेतो आणि तापू नये म्हणून स्वतःच १५ वॅटच्या आसपास थांबतो. चार्जर ६५ वॅटचा असो की १०० चा, काही फरक पडत नाही.

पीपीएस आहे की नाही हे लेबलवरच कळतं. ज्या ओळीत व्होल्टेज एका आकड्यात न देता ३.३ ते ११ व्होल्ट असं पट्ट्यात दिलेलं असतं, ती पीपीएसची ओळ. आमच्या चार्जरवर ती ओळच नव्हती.

सी-टाइपचा यूएसबी मीटर मध्ये लावून खात्री करून घ्या. या चार्जरवर मीटर ९ व्होल्ट आणि १.६ अँपिअरच्या आसपास दाखवेल, म्हणजे साडेचौदा वॅटच्या जवळपास. व्होल्टेज तिथेच खिळलेलं राहील. आता पीपीएसची ओळ असलेला २५ वॅटचा चार्जर त्याच केबलने लावा. व्होल्टेज ८ च्या वर कुठेतरी येईल आणि बॅटरी भरत जाईल तसं हळूहळू सरकत राहील. करंटही आधीपेक्षा वाढेल. स्क्रीनवर `Super fast charging` येईल. ६५ वॅटच्या चार्जरपेक्षा २५ वॅटचा चार्जर फोन लवकर भरतो, हे गिऱ्हाइकाला मीटरवर दाखवा. शंभर शब्दांचं काम ते एक मीटर करतं.

ज्या फोनची भाषाच वेगळी आहे

वनप्लस, ओप्पो आणि रिअलमीच्या अनेक फोनमध्ये सुपरवूक नावाची स्वतःची पद्धत असते. त्यातली ६५ वॅटची चार्जिंग १० व्होल्ट आणि ६.५ अँपिअरवर चालते. हा करंट यूएसबीच्या ५ अँपिअरच्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून त्यासाठी चार्जर त्यांचा आणि केबलही त्यांचीच लागते. असा फोन पीडीच्या चार्जरवर चार्ज होतो, पण पूर्ण वेग मिळत नाही. चार्जर खरा पण केबल साधी असेल, तरी वेग जातो. त्यामुळे अशा गिऱ्हाइकाला आधी विचारा, "फोनसोबत आलेली केबल आहे का?" अनेकदा चार्जर विकायची गरजच नसते.

काउंटरवर काय बदलायचं

विकण्याआधी तीन प्रश्न विचारा: फोनचं मॉडेल कोणतं, आत्ता केबल कोणती आहे, आणि चार्जर फक्त फोनसाठी हवाय की लॅपटॉपसाठीही. दुकानातल्या चार्जरचे पीपीएस असलेले आणि नसलेले असे दोन कप्पे करा, म्हणजे काउंटरवरचा मुलगाही चुकणार नाही.

दोन पोर्टचा चार्जर देताना एक वाक्य आवर्जून सांगा: "दोन्हीकडे फोन लावले की वॅट विभागले जातात, मग वेग कमी होईल." बऱ्याच चार्जरमध्ये दुसरा फोन लावताच पहिल्याचं चार्जिंगही क्षणभर तुटून पुन्हा सुरू होतं. तो दोष नाही, चार्जर नव्याने वाटणी करत असतो.

आणि परत आलेला चार्जर घेण्याआधी हीच तपासणी गिऱ्हाइकासमोर करा. चार्जर खरंच खराब असेल, तर खात्रीच्या केबलवर आणि त्याला चालणाऱ्या फोनवरही तो ५ व्होल्टच्या वर जाणार नाही. तो बदलून द्या आणि मीटरच्या आकड्याचा फोटो वितरकाला पाठवा. नाहीतर योग्य चार्जर द्या आणि फरकाचे पैसे घ्या.

पुढच्या भागात पॉवर बँकेच्या एमएएचचा हिशोब मांडू. तोवर आज दुकानातल्या प्रत्येक चार्जरची बारीक ओळ एकदा वाचून ठेवा.