मुलांसाठी शब्दकोश घेताना: दहा शब्दांची परीक्षा

मैत्रिणींनो, जून महिना आला की वह्या-पुस्तकांच्या यादीत एक नाव असतं, शब्दकोश. दुकानात गेलं की तीन-चार कोश समोर येतात. एक खिशात मावणारा, एक मध्यम, एक विटेएवढा जाड. प्रत्येकावर "हजारो शब्द", "नवीन आवृत्ती" असं छापलेलं. आपण भाजी निवडून घेतो, पण पुस्तक मात्र वेष्टन बघून घेतो. म्हणून या पाठात मराठी-मराठी शब्दकोश कसा पारखायचा ते बघू. त्यासाठी फार शिकलेलं असण्याची गरज नाही. पाटी, पेन्सिल आणि मुलाचं मराठीचं पुस्तक एवढं पुरे.

आधी एक पान उघडा, ते म्हणजे मुखपृष्ठानंतरच्या पानाची मागची बाजू. तिथे प्रकाशकाचं नाव, पत्ता, संपादकाचं नाव आणि साल बारीक अक्षरात असतं. "आवृत्ती" आणि "पुनर्मुद्रण" हे दोन शब्द तिथे नीट वाचा. सुधारित आवृत्ती म्हणजे मजकूर पुन्हा तपासला, शब्द घातले किंवा बदलले. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. पुण्याहून १९७५ साली तो पुन्हा छापला गेला, पण आतले शब्द १८५७ चेच. कोश मोठ्या तोलाचा आहे, अभ्यासक आजही तो वापरतात. तरी त्यात 'संगणक' सापडायचा नाही, कारण तेव्हा ती वस्तूच नव्हती. म्हणून छपाईचं साल नाही, मजकुराचं साल बघायचं.

जुन्या मजकुरात आणखी एक अडचण आहे आणि तिची किंमत मुलाला परीक्षेत मोजावी लागते. आज शाळेत चालतात ते मराठी लेखनाचे १४ नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यात आणखी ४ नियमांची भर पडली. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो लिहायचा नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम. त्याआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'केलें' असं लिहिलेलं दिसतं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आज तुमच्या मुलीने कोशात बघून 'नांव' लिहिलं तर बाई लाल खूण करणार. मुलगी म्हणणार, "मी तर कोशात बघून लिहिलं!" दोघीही आपापल्या जागी खऱ्या, गुण मात्र मुलीचे गेले.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या 'नाव' हा शब्द काढा. जुन्या लेखनात माणसाचं 'नांव' अनुस्वार देऊन लिहीत आणि पाण्यातली होडी म्हणजे 'नाव' अनुस्वार न देता. तेव्हा 'नाव' पाशी नुसती होडीच दिलेली असेल, तर मजकूर जुन्या लेखनाचा आहे असं समजा. आजच्या चांगल्या कोशात 'नाव' दोनदा वेगवेगळा दिलेला असतो. एक नपुंसकलिंगी, म्हणजे ते नाव, ओळखीचं. दुसरा स्त्रीलिंगी, म्हणजे ती नाव, होडी. मग 'कवी' बघा. काही कोश संस्कृत रूप म्हणून 'कवि' देतात. त्यात चूक नाही, पण शेजारी 'कवी' हे मराठी लेखन द्यायला हवं, नाहीतर मूल गोंधळतं.

आता शब्दसंख्या. वेष्टनावर "२५,००० शब्द" असं लिहिलेलं असतं. हे आपण मोजून बघू शकतो. कोशात जो शब्द ठळक अक्षरात सुरुवातीला येतो तो मुख्य शब्द. पुस्तकात सुरुवातीचं, मधलं, शेवटचं अशी पाच पानं उघडा आणि प्रत्येकावरचे मुख्य शब्द मोजा. समजा २२, २५, १९, २४ आणि २० आले. बेरीज ११०, पाचाने भागलं की पानाला सरासरी २२. कोशाची पानं ४८० असतील तर ४८० गुणिले २२, म्हणजे सुमारे १०,५६०. मग उरलेले चौदा हजार कुठे गेले? बहुतेक वेळा शब्दापासून झालेले शब्द, वाक्प्रचार आणि वेगवेगळे अर्थ हेही त्या आकड्यात धरलेले असतात. याला लबाडीच म्हणता येत नाही, पण दोन कोशांची तुलना करायची तर दोन्हीकडे मोजायची रीत एकच हवी. जाडीवर तर जाऊच नका. मोठी अक्षरं आणि जाड कागद असला की पुस्तक आपोआप फुगतं.

संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आपल्या मुलाला लागणारे शब्द त्यात आहेत का. त्यासाठी दहा शब्दांची यादी घरूनच लिहून न्या. तीन शब्द मराठीच्या धड्यातले, दोन विज्ञान किंवा आजच्या व्यवहारातले, तीन घरातले-शेतातले आणि दोन असे की ज्यांना अनेक अर्थ आहेत. सातवीतल्या मुलीसाठी यादी अशी होईल: अवर्षण, कृतज्ञ, क्षितिज, बाष्पीभवन, संगणक, दावण, कणगी, पाट, लागणे, नाव.

शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा, नाहीतर कोशाला उगाच नापास कराल. पुस्तकातला शब्द जसाच्या तसा कोशात नसतो. धड्यात 'दावणीला' असेल तर कोशात 'दावण' बघायचं, 'कोसळले' असेल तर 'कोसळणे'. दुसरी गोष्ट अक्षरांच्या क्रमाची. 'क्षितिज' काही कोशांत 'क' मध्ये असतं, कारण क्ष म्हणजे क् आणि ष. काही कोशांत ते 'ह' आणि 'ळ' नंतर अगदी शेवटी असतं. 'अं' ने सुरू होणारे शब्दही कुठे 'अ' च्या सुरुवातीला तर कुठे पुढे असतात. चांगल्या कोशात हा क्रम पहिल्या काही पानांत समजावून सांगितलेला असतो. ते पान नसेल तर तीही उणी बाजू धरा.

शब्द सापडला म्हणजे काम झालं असं नाही. आता उदाहरणं बघा. 'लागणे' हा शब्द घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, बसमध्ये गाडी लागते. कोशात नुसतं 'स्पर्श होणे, चिकटणे' एवढंच असेल तर मुलीला "मुलाला नोकरी लागली" कसं कळणार? तिथे प्रत्येक अर्थापुढे एखादं छोटं वाक्य हवं. तसंच 'पाट'. जेवायला बसायचा पाट वेगळा, शेताला पाणी देणारा पाट वेगळा. उदाहरण असलं की दोन्ही लगेच उलगडतात. आणखी एक खोड ओळखून ठेवा. 'कृतज्ञ' बघितलं तर 'कृतज्ञता असलेला', आणि 'कृतज्ञता' बघितलं तर 'कृतज्ञ असण्याचा भाव'. म्हणजे मूल गोल फिरून आहे तिथेच! असं दोन-तीन ठिकाणी दिसलं तर कोश खाली ठेवा. 'केलेल्या उपकाराची जाणीव ठेवणारा' असा सोपा अर्थ हवा.

प्रकाशकाचं नाव बघायचं, पण नावावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. गाईड-अपेक्षित छापण्यात नाव असलेला प्रकाशक कोशातही तितकाच पक्का असेल असं नाही. संपादक कोण आहे, त्याने प्रस्तावनेत शब्द कसे निवडले ते सांगितलंय का, 'पु., स्त्री., न., क्रि.' या खुणांचा खुलासा दिलाय का, हे बघा. संपादकाचं नाव नाही, साल नाही, प्रस्तावना नाही, असा कोश कितीही स्वस्त असला तरी महागच. अक्षरं पुसट, ओळी तिरक्या, मधली पानं गायब असं दिसलं तर ती चोरून छापलेली प्रतही असू शकते. अशी प्रत घेऊ नका आणि पावती मागायला लाजू नका.

आता हे सगळं एकत्र लावून बघू. समजा वरची यादी घेऊन तुम्ही तीन कोश तपासले. खिशातल्या कोशात दहापैकी ६ शब्द मिळाले, प्रत्येकाला एकेकच अर्थ, उदाहरण एकही नाही. मध्यम आकाराच्या शालेय कोशात ८ मिळाले, 'दावण' आणि 'कणगी' नाहीत, पण चार शब्दांना वाक्यं आहेत आणि लेखन आजचं आहे. जाड, जुन्या मजकुराच्या कोशात ७ मिळाले. घरातले तिन्ही शब्द आहेत, पण 'बाष्पीभवन', 'संगणक' नाहीत आणि 'नाव' फक्त होडीचं. आठ आणि सात यांत फार फरक नाही. निर्णय ठरतो तो लेखनावर आणि उदाहरणांवर. सातवीच्या मुलीला मधला कोश द्या.

पण मग 'कणगी'चं काय? कोशात नाही म्हणून तो शब्द गावंढळ किंवा चुकीचा, असं मुलीच्या मनात बसू देऊ नका. लहान कोशात जागा कमी, म्हणून घरातले-शेतातले शब्द आधी गळतात, एवढंच. असे शब्द मोठ्या कोशांत शोधायचे. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, पुढे पुरवणी खंडही आला. त्यात ठिकठिकाणच्या बोलीतले शब्द आहेत. तो एका घराने घ्यायचा ग्रंथ नाही, पण शिकागो विद्यापीठाच्या dsal.uchicago.edu या संकेतस्थळावर तो आणि मोल्सवर्थचा कोश दोन्ही फुकट बघता येतात. तिथेही लेखन जुनं आहे हे मुलांना आधीच सांगा. अर्थ तिथून घ्यायचा, शुद्धलेखन शाळेच्या कोशातून.

गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी शब्दकोश आहे त्यांनी तो सोबत आणावा. प्रत्येकीने मुलाच्या पुस्तकातले दोन आणि आपल्या घरातला एक शब्द लिहून आणावा. सगळ्या कोशांत ते शोधू आणि किती सापडले, कितींना उदाहरण आहे, 'नाव' कसं लिहिलंय, हे वहीत मांडू. नवा कोश कुठला घ्यायचा ते त्या वहीवरून ठरवू.