शत्रू कोपऱ्यावर का अडकतो? : चौकटीच्या वहीवर एक तास



मागच्या महिन्यात साताऱ्यात आमच्या संगणक तासाला सांगलीहून सुट्टीला आलेला आठवीतला एक मुलगा बसायचा. त्यानं गोडॉटमध्ये एक गेम केला होता. सांगलीच्या गणपती पेठेसारख्या अरुंद गल्ल्या आणि खेळाडूच्या मागे लागणारा एक पहारेकरी. पहारेकरी छान धावायचा, पण वळण आलं की भिंतीला नाक लावून उभा. "सर, ह्याला रस्ता सापडत नाही," असं पोराचं म्हणणं. त्यानं वेग वाढवून पाहिला, तर पहारेकरी आणखी जोरात भिंतीवर आपटायला लागला!

तुमचा मुलगा किंवा विद्यार्थी गेम करत असेल तर ही तक्रार तुमच्याकडेही येणारच. म्हणून सविस्तर लिहितो.

रस्ता शोधायला त्यानं ए-स्टार ही पद्धत वापरली होती. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी ती १९६८ साली मांडली. नकाशाचे चौकोन पाडायचे, भिंतीचे चौकोन बंद करायचे आणि एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सर्वांत स्वस्त वाट काढायची. यात एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. ए-स्टारच्या हिशेबात पहारेकरी म्हणजे नुसता ठिपका असतो. त्याला रुंदी नसते. आपल्याकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळताना पाहिलाय ना? ड्रायव्हर स्वतः कोपऱ्यापासून लांबून जातो, तरी मागची ट्रॉली आत ओढली जाते आणि कोपरा घासते. नकाशावरची रेघ बरोबर असते, अंगाला जागा पुरत नाही.

आधी निदान. सापडलेला रस्ता पडद्यावर रेघेनं काढायला लावा, आणि Debug मेनूतलं Visible Collision Shapes चालू करा. रेघच कोपऱ्याला चिकटून जात असेल तर दोष शोधण्यात आहे. रेघ मोकळी असून अंग अडकत असेल तर दोष चालण्यात आहे. आमच्याकडे दोन्ही निघाले!

मग चौकटीची वही काढली. एक चौकोन ३२ पिक्सेलचा. पहारेकरी डावीकडच्या वरच्या चौकोनात, मध्य (१६, १६). त्याच्या उजवीकडे भिंत, खाली मोकळं, आणि जायचंय तिरक्या चौकोनात, मध्य (४८, ४८). (गोडॉटमध्ये y खाली वाढतो, हे आधी सांगा, नाहीतर भूमितीवाली मुलं भांडतात.) तिरकी रेघ ओढली की ती (३२, ३२) मधून जाते, म्हणजे नेमकी भिंतीच्या टोकावरून. अंतर शून्य. खालच्या चौकोनातही भिंत असेल, तर दोन भिंतींची टोकं जिथं टेकतात तिथूनच रस्ता दाखवला जातो, आणि तिथून मुंगीही जाणार नाही. AStarGrid2D मध्ये तिरकी चाल मुळातच नेहमी चालू असते. ती अशी बदलायची:

```
astar.diagonal_mode = AStarGrid2D.DIAGONAL_MODE_ONLY_IF_NO_OBSTACLES
```

आता शेजारचे दोन्ही चौकोन मोकळे असतील तरच तिरकं जाता येतं. रेघ आधी खाली (१६, ४८) ला गेली, मग उजवीकडे. पोरगं खूश. गेम चालवला, पहारेकरी पुन्हा तिथंच!

आता दोष चालण्यातला. त्याच्या अंगाचा चौकोन पूर्ण ३२ पिक्सेलचा होता, आणि पुढचा टप्पा २० पिक्सेलवर आला की "पोहोचलो" असं धरून तो वळत होता. म्हणजे y २८ असतानाच त्यानं (४८, ४८) कडे तोंड केलं. उजवी बाजू तर भिंतीला आधीच टेकलेली, त्यामुळे फक्त खाली घसरायचं राहिलं. भिंतीतून सुटायला त्याचा मध्य y ४८ च्या खाली जायला हवा. पण लक्ष्यही ४८ वरच आहे. तो जसजसा जवळ जातो तसतसा वेगातला खाली जाणारा भाग कमी होतो, आणि शेवटी सगळा जोर भिंतीवरच. मला ही गोष्ट कागदावर मांडेपर्यंत कळली नव्हती, हे कबूल करतो.

उपाय दोन. अंगाला चौकोनाऐवजी १२ त्रिज्येचं वर्तुळ दिलं, आणि "पोहोचलो" चं अंतर २० वरून ४ केलं. आता तो (१६, ४४) ला वळतो, आणि त्याची वाट भिंतीच्या टोकापासून सुमारे १३.९ पिक्सेल लांबून जाते. १२ ला पुरेशी जागा झाली. मुलांना हेच ८ ठेवून काढायला सांगा. अंतर सुमारे ११.६ येतं, म्हणजे जरासं घासतंच. मात्र अंतर फार कमी करू नका. पहारेकरी एका फ्रेममध्ये त्याच्या दुपटीहून जास्त सरकत असेल तर टप्पा ओलांडून पुढं जाईल, परत मागं वळेल आणि जागच्या जागी थरथरेल.

नंतर पोरानं २० त्रिज्येचा हत्ती आणला. चौकोनाच्या मध्यापासून भिंत १६ पिक्सेलवर, मग हत्ती मावणार कसा? इथं अंतरं बदलून उपयोग नाही. हत्तीसाठी वेगळा नकाशा केला आणि त्यात भिंतीला लागून असलेले, कोपऱ्यालगतचेसुद्धा, सगळे चौकोन बंद केले. आता तीन चौकोनांपेक्षा अरुंद गल्लीत हत्तीला रस्ताच मिळत नाही. खेळाडू गल्लीत शिरला की हत्ती बाहेरच थांबतो, आणि पोरानं ते तसंच ठेवलंय.